चूक कोठें झाली?



वेळापूरला राहणाऱ्या माझ्या भाचीनें परवां आपल्या मुलाच्या वहींतील एका पानाचें छायाचित्र फोनवरून मला पाठविलें. 'मामा, उत्तर पुस्तकांतल्याशीं जुळत नाहीं, पण चूक कोठें आहे तें सांपडत नाहीं,' असें तिनें खालीं लिहिलें होतें.

गणित होतें ६४२३ ला १८ नें भागण्याचें. मुलानें भागाकार ३५१ आणि बाकी ५ काढली होती. बाकी भाजकाहून लहान असल्यामुळें वरवर पाहणाऱ्यास संशय येऊं नये अशीच ती होती.

प्रथम मीं ताळा पाहिला. ३५१ ला १८ नें गुणल्यास ६३१८ येतात. त्यांत बाकी ५ मिळविली कीं ६३२३. भाज्याहून नेमके १०० कमी! चुकीचा माग या शंभरांतच होता. कारण भागाकाराच्या पहिल्या पायरीवर आपण ६४ शतकांना भाग लावतों, दुसऱ्या पायरीवर दशकांना व तिसऱ्या पायरीवर एककांना. तेव्हां शंभर हरवले ते तीनच प्रकारें : शतकांत १, दशकांत १० किंवा एककांत १००.

आतां वहींतील ओळी पाहूं. अठरा त्रिक चोपन्न; ६४ मधून ५४ गेले, उरले १०. हें बरोबर. वरचा २ खालीं घेऊन झाले १०२. अठरा पंचे नव्वद, हेंही बरोबर. परंतु १०२ मधून ९० वजा केल्यावर खालीं दिसत होते केवळ २. तेथें १२ हवे होते. दहा दशकें येथेंच गळालीं.

मात्र छायाचित्रावर एकदम विश्वास ठेवूं नये. पानाच्या घडीवर सावली होती. १२ मधला १ तिच्यांत लपला नसेल कशावरून? याचें उत्तर पुढच्या ओळीनें दिलें. मुलानें ३ खालीं घेऊन १२३ न लिहितां २३ लिहिले होते आणि त्यांत अठरा एके अठरा असा भाग लावला होता. म्हणजे १ सावलींत नव्हे, वजाबाकींतच गेला होता. त्यानंतरचें त्याचें काम निर्दोष होतें. १२३ घेतले असते तर भाग ६ चा लागून १०८ वजा होतात आणि १५ उरतात; उत्तर ३५६, बाकी १५.

एका गणितांत दोन चुका असल्या, अथवा भागाकारांतील शून्य गाळलें गेलें, तर फरक इतका सरळ बोलत नाहीं. मग पहिल्या ओळीपासून एकेक पायरी तपासावी.

भाचीला मीं कळविलें : 'सारें गणित खोडूं नकोस. त्या २ भोंवतीं वर्तुळ काढ आणि एवढी एकच वजाबाकी त्याला पुन्हां करूं दे. पाढे त्याला येतात.'