सहा-आठची ओवण
(मंडळाच्या साहित्य संध्येत, मलकपेठ येथे केलेले भाषण)



आम्ही सरकारी नोकर. कचेरीत टिपणी लिहितो, कविता नव्हे. पण गेल्या वर्षी विसर्जनाहून परतल्यावर रिकामा पाट पाहवेना, तेव्हा चार ओळी जुळवल्या. त्यांचा साचा मात्र दूरच्या व्हिएतनामचा आहे. त्याला ‘लुक-बात’ म्हणतात, म्हणजे सहा-आठ. न्गुयेन झू या कवीची किएऊची कथा याच छंदात असून तिच्या ३२५४ ओळी आहेत.

अभंग म्हणणाऱ्यांना अक्षरे मोजणे नवे नाही. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा, चार अक्षरे असतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचे यमक जुळते. तिथे यमक कडव्यातच संपते. इथे ते पुढच्या ओळीत जाते. सहाच्या ओळीचे शेवटचे अक्षर आठच्या ओळीतल्या सहाव्या अक्षराशी जुळवायचे. मग आठव्या अक्षराचे नवे यमक घेऊन पुढची सहाची ओळ संपवायची. फुलांची माळ ओवावी, तसे.

आमची पहिली ओळ सहज आली: ‘बाप्पा गेले घरी’. दुसरी लिहिली: ‘नाद येई तरीसुद्धा’. मोजले तर सहावे अक्षर ‘री’, हिशेब बरोबर. पण मोठ्याने म्हटले तेव्हा यमक ऐकूच आले नाही, कारण ‘तरीसुद्धा’ आपण एका दमात म्हणतो. व्हिएतनामी भाषेत बहुतेक प्रत्येक अक्षर सुटे उच्चारले आणि लिहिले जाते, म्हणून तिथे ही अडचण येत नाही. मराठीत सहाव्या अक्षरावर शब्द संपलाच पाहिजे, म्हणजे शेवटी दोन अक्षरांपुरतीच जागा उरते. शिवाय ‘सुद्धा’ला पुढे यमक कुठून आणायचे? म्हणून ‘तरी राहे’ केले:

बाप्पा गेले घरी
नाद कानी तरी राहे
पाट रिता आहे
मुसी मंद वाहे रात्री

घरी-तरी, राहे-आहे-वाहे. नुसते शेवटचे अक्षर जुळवून आपल्या कानाचे समाधान होत नाही, म्हणून त्याआधीचा स्वरही सांभाळला.

एक गोष्ट मात्र आम्हांला आणता आली नाही. त्या भाषेत स्वराच्या चढउताराने शब्दाचा अर्थ बदलतो, आणि दुसरे, चौथे, सहावे, आठवे अक्षर कोणत्या सुरात असावे याचेही नियम आहेत. मराठीत तसे सूर नाहीत. म्हणून आमची रचना सहा-आठच्या वळणाची, अस्सल नव्हे.

आता ‘रात्री’ पाहा. चार ओळी झाल्या, पण या शब्दाला जोड नाही. हवे तर कवी तिथे थांबतो, नाहीतर दोरा पुढे नेतो. आम्ही वहीत चौथ्या ओळीवर थांबलो होतो. यंदा पाटावर बाप्पा बसले, तेव्हा पाचवी सुचली:

येतील ही खात्री

पुढची आठ अक्षरांची ओळ तुमच्यावर सोपवतो. सहाव्या अक्षरावर ‘खात्री’चे यमक हवे, आणि तिथे शब्द संपायला हवा.