«नाही» आधी सांगा, कारणं नंतर

वाकोल्यातून बोलतेय, आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बेडरूममधून. मध्येच विमानाचा आवाज आला तर समजून घ्या, एअरपोर्ट जवळ आहे आणि त्याला म्यूटचं बटण नाही.

आजचा विषय थोडा माझ्याच चुकीचा आहे. माझ्या आधीच्या कंपनीत (नाव राहू दे) टीममध्ये एक मुलगा होता. सांगलीकडचा, पहिलीच नोकरी, मला ताई म्हणायचा. आमची एक रिपोर्ट बनवणारी सर्व्हिस होती, पायथनमध्ये लिहिलेली आणि भयंकर स्लो. एक मोठा रिपोर्ट यायला 40 सेकंद. याने तीन आठवडे खपून अकरा पानांचं प्रपोजल लिहिलं, की ही सर्व्हिस आपण गो भाषेत पुन्हा लिहूया. मीटिंगमध्ये आम्ही तिघांनी ते वाचलं आणि नको ठरवलं. त्याला कळवायचं काम माझ्याकडे आलं.

मी काय केलं, तर मेसेज टाकला. आजही फोनमध्ये आहे, म्हणून जसाच्या तसा वाचते: «हाय! डॉक्युमेंट खूप छान झालंय, बेंचमार्क तर मस्तच. सगळ्यांना आवडलं. फक्त सध्या बँडविड्थ थोडी टाइट आहे, आणि डेटाबेसकडेही बघायला हवं, सो या क्वार्टरला कसं जमतंय बघूया.»

आता मला सांगा, यात «नाही» कुठे आहे? मला वाटत होतं की आहे. त्याला दिसलं नाही. लॉक स्क्रीनवर त्याला पहिली ओळ दिसली, «खूप छान झालंय». तिथेच तो खूश झाला आणि पुढचं सगळं त्या खुशीत वाचलं. पुढचे दोन आठवडे, शनिवार-रविवार धरून, तो घरी बसून ती सर्व्हिस लिहीत होता. कारण मी सांगितलेली अडचण काय होती? वेळ नाही. मग त्याने स्वतःचा वेळ दिला! एका सोमवारी लॅपटॉप घेऊन आला, म्हणाला, «ताई, अर्धं झालंय, आता बँडविड्थचा प्रश्न नाही.»

मला त्या क्षणी जमिनीत जावंसं वाटलं.

आपल्याकडे हे नवीन नाही हो. लग्नाच्या स्थळाला नकार कसा देतात? «पत्रिका जुळत नाही.» मुलगी आवडली नाही, पगार कमी वाटला, घर लांब वाटलं, काहीही असो, दोष ग्रहांचा. ऐकायला गोड वाटतं. पण समोरचे खरंच इच्छुक असतील तर ते दुसऱ्या गुरुजींकडे जातात, आणि आठवड्याने फोन येतो, «अहो, आमच्या गुरुजींच्या मते तर छान जुळतेय.» आता काय बोलणार? खोटं कारण दिलं की समोरचा ते कारण दुरुस्त करून परत येतो. माझी «बँडविड्थ» म्हणजे ऑफिसमधली पत्रिकाच होती.

त्यामुळे कारण निवडताना मी आता स्वतःला एक प्रश्न विचारते: हे कारण उद्या नाहीसं झालं तर निर्णय बदलेल का? आमच्याकडे वेळ असता तरी आम्ही ते केलं नसतं. म्हणजे वेळ हे कारणच नव्हतं. खरं कारण वेगळं होतं. त्या 40 सेकंदांतले 34 सेकंद डेटाबेसच्या क्वेरीत जात होते. पायथनचा वाटा फक्त 6 सेकंदांचा. भाषा बदलून ते 6 शून्यावर आणले असते, तरी रिपोर्टला 34 सेकंद लागलेच असते. आणि टीममध्ये गो येणारे दोघंच, त्यातला एक तो स्वतः.

हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर त्याचे दोन वीकेंड वाचले असते.

उलट उदाहरणही आमच्याच क्षेत्रातलं आहे. पायथनमध्ये बदल सुचवायचा तर पेप नावाचं प्रपोजल लिहितात. PEP 3136 मध्ये मागणी होती की एकात एक लूप असतील तर त्यांना नावं द्यावीत, म्हणजे आतून थेट बाहेरचा लूप तोडता येईल. 2007 च्या जुलैमध्ये गिडो व्हान रॉसम यांनी उत्तर दिलं. सुरुवातीलाच नकार, मग कारणं: इतका गुंतागुंतीचा कोड क्वचितच लागतो, बहुतेक वेळा फंक्शनमधून return करून काम भागतं, आणि ही सोय योग्य वापरापेक्षा गैरवापरालाच जास्त पडेल. थोड्या ठिकाणी तिचा खरंच उपयोग झाला असता, हेही मान्य केलं. पण नकार ढिला झाला नाही. ते प्रपोजल आजही साइटवर आहे, वर स्टेटसच्या जागी Rejected लिहिलेलं. पुढच्या माणसाला तेच पुन्हा सुचवण्याआधी कारणं वाचता येतात.

आपल्या हाउसिंग सोसायट्यांच्या कायद्यातही गंमत आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960, कलम 22. सभासदत्व नाकारलं तर निर्णय कारणांसह कळवावा लागतो. आणि तीन महिन्यांत काहीच कळवलं नाही, तर अर्जदार सभासद झाला असं धरलं जातं. म्हणजे गप्प बसलात तर उत्तर «हो». माझ्या त्या मेसेजचंही तेच झालं होतं.

बरं, त्या सोमवारी मी त्याला खाली चहाच्या टपरीवर नेलं. या वेळी पहिलं वाक्य ठरवून गेले होते: «तुझं प्रपोजल मंजूर झालेलं नाही. रीराइट आपण करणार नाही, या क्वार्टरलाही नाही आणि पुढेही नाही. हे आम्ही तिघांनी ठरवलंय, त्यात मीही आहे.» आणि मग गप्प बसले. हे सगळ्यात अवघड. तोंड शिवशिवतं, «पण तू खूप छान...» म्हणावंसं वाटतं. पण नकार ऐकल्यावर पहिला अर्धा मिनिट माणसाला कारणं ऐकूच येत नाहीत, ती वाया जातात. त्याने ग्लास फिरवला, मग स्वतःच विचारलं, «का?» तेव्हा 34 आणि 6 सांगितले. मग माफी मागितली, कारण दोन आठवडे माझ्यामुळे गेले होते. माफी आधी मागितली असती तर ती पुन्हा गोड पाकासारखी नकाराभोवती चिकटली असती.

«त्यात मीही आहे» हे मुद्दाम होतं. «वरून आलंय» म्हटलं की समोरचा वर जातो.

एक मर्यादा सांगते. हे प्रपोजल, अर्ज, इंटरव्ह्यू यांच्यापुरतं. घरातल्या कोणाच्या आजाराची किंवा मृत्यूची बातमी अशी धाडकन देत नाहीत. डॉक्टरांची SPIKES नावाची पद्धत आहे, त्यात आधी विचारतात की पेशंटला काय माहीत आहे, मग «बातमी चांगली नाही» असा इशारा देतात, मग सांगतात. पण तिथेही सांगायचं ते स्पष्ट शब्दांतच.

निघताना मी त्याला विचारलं, «आता पुढे काय करतोस?» समजलंय की नाही ते «समजलं ना?» विचारून कळत नाही, त्याला सगळे «हो» म्हणतात. तो म्हणाला, «ती क्वेरी बघतो.» मग थोडा थांबून, «पण ताई, पुढच्या वेळी मेसेज नको. फोन कर.»

क्वेरीत एक इंडेक्स नव्हता. रिपोर्ट 9 सेकंदांवर आला, पायथनमध्येच.