अफूच्या पेट्या आणि तहाची कलमं

कर्जाचा करारनामा समोर आला की आपलं लक्ष आधी रकमेकडे जातं. मग हप्ता किती, व्याज किती, तारण काय, हे एकेक खाली सापडत जातं. आज मी अशाच एका करारनाम्याबद्दल बोलणार आहे. तो झाला 1842 साली, चीनचा बादशहा आणि इंग्लंडची राणी यांच्यात. चीनचे दरवाजे तोफांनी फोडले असं आपण शाळेत वाचलं. ते खरंच आहे, पण पुढची शंभर वर्षं ते दरवाजे उघडे ठेवले ते कागदावरच्या कलमांनी.

सुरुवात चहापासून करू या. इंग्रजांना चहाचं वेड लागलं होतं, आणि त्या काळी त्यांना चहा मिळायचा तो जवळजवळ फक्त चीनमधून. चीनने परदेशी व्यापाऱ्यांना एकच बंदर मोकळं ठेवलं होतं, कँटन. तिथेही ठरावीक चिनी व्यापाऱ्यांशीच व्यवहार करायचा. इंग्रजांच्या मालाला चीनमध्ये फारशी मागणी नव्हती, म्हणून चहाचे पैसे रोख चांदीत मोजावे लागत. चांदी जात राहिली आणि ईस्ट इंडिया कंपनीला चिंता पडली. चिनी लोक पुन्हा पुन्हा घेतील असा माल हवा होता. तो कंपनीला सापडला आपल्या देशात.

बिहारच्या शेतकऱ्याला कंपनी आधी उचल द्यायची आणि अफू पिकवून घ्यायची. भाव कंपनीने ठरवलेला, दुसऱ्याला विकणं गुन्हा. पाटण्याच्या कारखान्यात अफूचे गोळे बांधत, एका पेटीत चाळीस गोळे. कलकत्त्यात लिलाव व्हायचा. तिथे कंपनीचे हात धुतलेले, कारण चीनमध्ये अफूला बंदी होती आणि पुढची चोरटी वाहतूक खासगी व्यापारी करायचे. चीनच्या किनाऱ्याजवळ जहाजं उभी राहायची आणि स्थानिक होड्या रात्रीतून माल उतरवायच्या. पेट्यांची चांदी फिरून कंपनीकडे यायची, आणि त्याच चांदीतून चहा खरेदी व्हायचा. माळव्याची अफू आपल्या मुंबईतून जायची. ज्यांच्या देणगीतून जे. जे. रुग्णालय उभं राहिलं, त्या सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीतही या व्यापाराचा मोठा वाटा होता. दानशूर ते होतेच, पण पैसा आला कुठून तेही ठाऊक असावं.

1838 च्या सुमाराला वर्षाला चाळीस हजारांच्या आसपास पेट्या चीनला जात होत्या. एक पेटी साधारण साठ-पासष्ट किलोची. व्यसनाने घरं बुडाली, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण अफूला कधी हात न लावलेल्या शेतकऱ्यालाही तिचा फटका बसला. चीनमध्ये रोजचा व्यवहार तांब्याच्या नाण्यांत चालायचा आणि सारा मात्र चांदीत भरायचा. पूर्वी एक ताएल, म्हणजे साधारण 37 ग्रॅम चांदी घ्यायला हजारेक नाणी लागायची. चांदी देशाबाहेर जाऊ लागली तशी ती महागली, आणि 1838 पर्यंत तिला सोळाशे नाणी लागू लागली. सरकारने सारा एका पैशानेही वाढवला नव्हता. तरी शेतकरी बाईला तोच सारा भरायला दीडपटीहून जास्त धान्य विकावं लागे. चांदी महागण्याचं अफू हे एकमेव कारण नव्हतं, पण मोठं होतं.

शेवटी बादशहाने लिन झेश्यू नावाचा कडक अधिकारी कँटनला धाडला. मार्च 1839 मध्ये तो पोचला आणि त्याने परदेशी व्यापाऱ्यांना त्यांच्या वखारींतच कोंडलं. इंग्रजांचा अधिकारी चार्ल्स एलियट याने व्यापाऱ्यांना सांगितलं, माल माझ्या हवाली करा, इंग्लंडचं सरकार भरपाई देईल. वीस हजारांहून अधिक पेट्या लिनच्या ताब्यात आल्या. अफू जाळली तर जमिनीत मुरलेला अर्क लोक खरवडून काढतात, म्हणून त्याने मोठे हौद खणले. त्यात पाणी, मीठ, अफू आणि वरून चुना टाकून सगळं घोटलं आणि समुद्रात सोडून दिलं. तीन आठवडे हे काम चाललं. पाणी घाण केल्याबद्दल त्याने समुद्रदेवाची क्षमाही मागितली.

पण एलियटच्या त्या एका शब्दाने चोरटा माल राणीच्या सरकारचा माल झाला होता, आणि त्यावरून युद्ध पेटलं. इंग्लंडच्या संसदेतही विरोध झाला. सरकार अवघ्या नऊ मतांनी तरलं. वाफेच्या बोटी आणि नव्या तोफांपुढे चीनचा निभाव लागला नाही. 29 ऑगस्ट 1842 रोजी नानकिंगजवळ कॉर्नवॉलिस या इंग्रजी युद्धनौकेवर तह झाला. ही नौका मुंबईच्या गोदीत बांधलेली होती.

आता कलमं पाहू. हाँगकाँग बेट इंग्रजांना. कँटन, शांघाय आणि आणखी तीन बंदरं खुली. दंड दोन कोटी दहा लाख डॉलर, त्यातले साठ लाख नष्ट केलेल्या अफूचे. हप्ते चार वर्षांत फेडायचे, उशीर झाला तर पाच टक्के व्याज. सगळे पैसे फिटेपर्यंत दोन बेटांवर इंग्रजी फौज राहणार, म्हणजे तारणच म्हणा. आणि अफू विकायची की नाही, याबद्दल एक अक्षर नाही! चोरटा व्यापार तसाच चालू राहिला.

तरी माझ्या मते हे सगळं परवडलं असतं. दंड फिटतो. खरी फास बसला तो पुढच्या वर्षीच्या पुरवणी करारांनी. एक, आयात मालावरची जकात बहुतेक वस्तूंवर पाच टक्क्यांच्या आसपास बांधली, आणि चीनला ती एकट्याने बदलता येईना. देशी कारागिराला संरक्षण द्यायचं साधनच हातून गेलं. दोन, इंग्रजाने चीनमध्ये गुन्हा केला तर खटला इंग्रजांच्या वकिलापुढे, इंग्रजी कायद्याने. तीन, उद्या दुसऱ्या देशाला जी सवलत द्याल ती आपोआप आम्हालाही.

चिनी अधिकाऱ्यांना ही कलमं फारशी जड वाटली नव्हती. परक्यांची भांडणं परक्यांनीच मिटवावीत, आपली डोकेदुखी कमी, असा त्यांचा हिशोब होता. पण 1844 मध्ये अमेरिका आणि फ्रान्स आले, त्यांनीही असेच तह केले. एकाने नवी सवलत मिळवली की ती सगळ्यांची, आणि परत मात्र कोणाकडूनच घेता येईना.

1856 ला दुसरं युद्ध झालं. इंग्रज आणि फ्रेंच पेकिंगपर्यंत पोचले, 1860 मध्ये बादशहाचा उन्हाळी राजवाडा लुटून जाळला. त्याआधी, 1858 च्या करारात, अफूवर पिकुलमागे तीस ताएल जकात ठरली, म्हणजे ती उघडपणे कायदेशीर झाली. ज्या मालासाठी लिनने हौद खणले, त्याचीच आता सरकारी पावती फाटू लागली.

जकात स्वतः ठरवायचा हक्क चीनला परत मिळायला 1930 च्या आसपासचा काळ उजाडला. परक्यांवर आपल्या न्यायालयात खटला चालवायचा हक्क इंग्लंड-अमेरिकेने सोडला तो 1943 मध्ये. तोवर तो तह करणारा राजवंश जाऊनही तीस वर्षं उलटली होती. हाँगकाँग परत आलं 1997 मध्ये.