ग्राहकाला मत विचारू नका

आपला माल वापरणाऱ्या माणसाला कॅमेऱ्यासमोर बसवून त्याचा अनुभव चित्रित करायचा, हे आता छोटे कारखानदारही करू लागले आहेत. पंपवाले करतात, गिरणीवाले करतात, बियाणंवाले करतात. असे बरेच व्हिडिओ मी पाहते, आणि दहातल्या नऊ ठिकाणी ग्राहक एकच वाक्य म्हणतो : ‘खूप छान आहे, सगळ्यांनी घ्या.’ कारखानदार खूश होतो. पण ज्यानं अजून पैसे खर्च केलेले नाहीत, त्याला या वाक्यातून काय कळलं? काहीच नाही. यात दोष ग्राहकाचा नाही. विचारणाऱ्यानं ‘कसं वाटलं?’ असं विचारलं, म्हणून त्यानं ‘छान’ म्हटलं.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथे आडात पाणी भरपूर असतं. दोर तोकडा पडतो. ‘कसं वाटलं?’ हा तोकडा दोर. पोहरा अधांतरी लोंबकळतो आणि कोरडाच वर येतो.

एक उदाहरण सांगते. दूध काढायच्या यंत्राचे एक उत्पादक आहेत. त्यांच्यासाठी वाळवा तालुक्यातल्या एका गोठ्यावर आम्ही गेलो होतो. आठ संकरित गायी, सगळ्या धारा काढणाऱ्या आक्का एकट्या. पहिला प्रश्न उत्पादकांनीच उत्साहानं विचारला, ‘आक्का, मशीन कसं आहे?’ आक्का म्हणाल्या, ‘लई चांगलं हाय.’ आणि गप्प झाल्या. बरोबरच आहे, प्रश्नाचं उत्तर संपलं होतं.

मग मी विचारलं, ‘काल सकाळी धारा किती वाजता सुरू केल्या?’ ‘पाचला.’ ‘मोकळ्या कधी झालात?’ ‘पावणेसहाला. मशीन धुऊनसुदीक.’ ‘आणि मशीन यायच्या आधी?’ ‘साडेचारला बसायची, साडेसहा व्हायचे.’ आता इथे पुष्कळजण थांबतात. थांबू नका. दोर आणखी सोडा. ‘साडेसहाच हे कशावरून आठवतं?’ तेव्हा आक्का म्हणाल्या, ‘संस्थेत सातला काटा बंद हुतो. क्यान घेऊन पळत जायला लागायचं, तवा मला ठावं हाय की.’

बघा, दोन तासांचा पाऊण तास झाला हा आकडा मिळाला, आणि तो खरा का, याचा पुरावाही त्यांच्याच तोंडून आला. दूध संस्थेचा काटा सातला बंद होतो हे ज्या बाईला रोजच्या धावपळीनं माहीत आहे, तिचं ‘साडेसहा’ ऐकणारी दुसरी बाई मानते. म्हणून मी पुन्हा सांगते, ज्यांनी रेडिओ आत्ताच लावला असेल त्यांच्यासाठीही सांगते : मत विचारू नका, दिवस विचारा. कालचा दिवस विचारा, आणि वस्तू येण्याआधीचा असाच एक दिवस विचारा. आकडा त्या दोन दिवसांच्या मधे असतो.

तिसरा प्रश्न असतो शंकेचा. ‘घ्यायच्या आधी मनात काय भीती होती?’ हा प्रश्न उत्पादकांना आवडत नाही. आपल्याच व्हिडिओत आपल्या मालाबद्दलची भीती कशाला, असं त्यांना वाटतं. अहो, तीच भीती बघणाऱ्याच्या मनात आहे! आक्का म्हणाल्या, ‘सडाला इजा हुईल, दगडी हुईल असं वाटायचं.’ मग पुढे मी विचारलं, ‘पहिल्या आठवड्यात काय झालं?’ तर एक गाय लाथा झाडायची, पान्हा चोरायची. त्यांनी काय केलं, तर आधी काही दिवस यंत्र नुसतं चालू ठेवून तिला आवाजाची सवय केली, आणि मग कप लावले. उत्पादक हे कापून टाका म्हणत होते. मी म्हटलं, ज्याच्या गोठ्यात उद्या गाय लाथ मारेल, तो तुम्हाला शिव्या देण्याआधी हे ऐकलेलं बरं. ठेवलं ते.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. आक्का मधेच म्हणाल्या, ‘दूध बी दोन लिटरनं वाढलं.’ उत्पादकांचे डोळे चमकले. हेच वाक्य सगळ्यात वर लावा! अशा वेळी पोहरा झटकन ओढायचा मोह होतो, आणि घाईनं ओढलेला पोहरा काठावर आपटून निम्मा सांडतो. मी एकच विचारलं : ‘त्याच सुमाराला गोठ्यात आणखी काय बदललं?’ ‘मुरघास सुरू केला की.’ झालं! वाढलेलं दूध मुरघासाचं की यंत्राचं, हे आता कुणी सांगू शकत नाही. ते वाक्य आम्ही वगळलं. वाचलेला वेळ मात्र यंत्राचाच होता, कारण गायी तेवढ्याच, माणूस तोच, काम तेच. प्रत्येक आकड्याला हा प्रश्न विचारा : आणखी काय बदललं? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जाहिरातीत शिफारस करणाऱ्याचं मत प्रामाणिक असलं पाहिजे आणि त्याला पुरेशा माहितीचा किंवा अनुभवाचा आधार हवा. ग्राहकाला तुम्ही पैसे किंवा सवलत दिली असेल, तर तेही उघड सांगावं लागतं.

आता चित्रीकरणाचं थोडं, वेळ कमी आहे. प्रश्न आधी लिहून पाठवू नका, नाहीतर माणूस निबंध पाठ करून येतो. फक्त एवढंच कळवा की जुन्या पावत्या, वीजबिल, डायरी हाताशी ठेवा. आकडा आठवत नसेल तर पावती बघून सांगू द्या. ती पावती बघण्याची क्रियाही चित्रित करा. प्रश्न व्हिडिओत ऐकू येणार नसतो, म्हणून उत्तरात विषयाचा शब्द यायला हवा. नुसतं ‘पावणेसहाला’ नको, ‘सकाळच्या धारा पावणेसहाला उरकतात’ असं हवं. हे सुरुवातीलाच समजावून सांगा. उत्तर संपलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, तीन-चार सेकंद थांबा. संस्थेच्या काट्यासारखी गोष्ट पुष्कळदा त्या शांततेतच बाहेर येते. तुम्ही ‘वा, अगदी बरोबर’ म्हणत राहिलात, तर तुमचा आवाज ग्राहकाच्या आवाजावर चढतो आणि संकलनात ते वेगळं करता येत नाही.

मुलाखत अर्ध्या तासाची होऊ द्या, व्हिडिओ दीड मिनिटाचाच करा. सगळं बोलणं आधी कागदावर उतरवा, त्यातली पाच-सहा वाक्यं निवडा. सुरुवात आकड्याच्या वाक्यानं करा, मग आधीचा दिवस, मग भीती, मग पहिला आठवडा. बोलीभाषा सुधारायला सांगू नका. ‘लई’चं ‘खूप’ केलंत की बाई परकी वाटायला लागते. आवाज कसा घ्यावा, गोठ्यात यंत्र चालू असताना कॉलरचा माईक कुठे लावावा, याबद्दलही बोलायचं होतं, पण काचेपलीकडून खूण झाली आहे. ते राहू दे.

एवढं मात्र ऐकून ठेवा. व्हिडिओ बाहेर पाठवण्याआधी ग्राहकाला पूर्ण दाखवा आणि मगच लेखी संमती घ्या. आक्कांनी बघताना एके ठिकाणी थांबवलं. ‘मी सुट्टीच्या दिवशी सहाला सुरू करते, पाचला नव्हं,’ म्हणाल्या. म्हणून खाली पट्टी टाकली : ‘शाळेच्या दिवसांची वेळ’. पोरीचा डबा त्या वाचलेल्या वेळेत होतो, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं, आणि त्यासाठी आम्ही कॅमेरा परत काढला.