आठव्या महिन्यानंतर न आलेला रुग्ण



सौंसर-पांढुर्ण्याकडची माणसं मोठ्या आजारपणात नागपूर गाठतात. बोरगावातल्या कारखान्यात कामाला असणारा असो की संत्र्याच्या बागेत राबणारा, तोंडातला छाला महिनाभर बरा झाला नाही की त्याला नागपूरचा रस्ता धरावा लागतो. खर्रा आणि तंबाखूचा हा मुलूख असल्यानं त्यातल्या काहींच्या तपासणीत तोंडाचा कॅन्सर निघतो. पुढे अशा रुग्णांच्या नोंदी एखाद्या एम.एस. करणाऱ्या डॉक्टरच्या प्रबंधात जातात आणि तिथे त्यांचा एक आलेख होतो, पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारा. त्याला सर्व्हायव्हल कर्व्ह म्हणतात. तो वाचायचा कसा, आणि दोन उपचारांचे दोन आलेख शेजारी आले की त्यांची तुलना करायची कशी, हे आज पाहू.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातला एक अभ्यास समोर ठेवू. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीचा आहे, मानेत गाठ हाताला लागत नाही. अशा वेळी तोंडातली गाठ काढतानाच मानेतल्या लसिकाग्रंथीही काढाव्यात, की गाठ दिसली तरच मानेची शस्त्रक्रिया करावी? डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 पासून 2014 पर्यंत 596 रुग्ण घेतले आणि कोणाला कोणता उपचार द्यायचा हे यादृच्छिक पद्धतीनं ठरवलं. त्यातल्या 500 रुग्णांचा निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षांनी जिवंत असण्याचं प्रमाण मानेची शस्त्रक्रिया आधीच केलेल्या गटात 80 टक्के होतं, वाट पाहिलेल्या गटात साडेसदुसष्ट टक्के.

आता अडचण अशी की, दहा वर्षं रुग्ण येत राहिले, म्हणजे सगळ्यांना तीन वर्षं पूर्ण झालेलीच नसणार. कोणी सहा महिन्यांपूर्वीच दाखल झालेला, कोणी मध्येच येणं बंद केलेलं. मग 80 टक्के काढले कशाचे? याचं उत्तर 1958 साली एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर यांनी दिलं. त्यांची रीत आपण समजुतीपुरत्या एका छोट्या उदाहरणावर पाहू. आकडे मी मनानंच घेतले आहेत.

समजा, वाट पाहिलेल्या गटात पाच रुग्ण आहेत. एक सहाव्या महिन्यात दगावला, एक दहाव्या महिन्यात. तिसरा बाराव्या महिन्यापर्यंत बरा होता, पुढे आलाच नाही. चौथा अठराव्या महिन्यात गेला. पाचवा दोन वर्षांनीही ठणठणीत आहे. सहाव्या महिन्यात पाचातले चार उरले, म्हणून आलेख 80 टक्क्यांवर आला. दहाव्यात चारातले तीन उरले, तेव्हा ऐंशीचे तीन चतुर्थांश, म्हणजे 60. बाराव्या महिन्याला आलेख उतरत नाही. तिथे फक्त एक छोटी उभी रेघ येते, आणि तो रुग्ण पुढच्या हिशेबातून बाहेर पडतो. त्याला सेन्सॉर झालेला रुग्ण म्हणतात. अठराव्या महिन्यात दोघेच उरले होते, त्यातला एक गेला, आणि आलेख साठावरून थेट तीसवर आदळला.

शेवटची ही पायरी नीट पाहा. मृत्यू एकच, पण उडी 30 टक्क्यांची, कारण खाली उभे होते दोघेच. म्हणून चांगल्या प्रबंधात आलेखाखाली एक ओळ असते: त्या त्या महिन्याला किती रुग्ण देखरेखीत शिल्लक होते. आधी ती ओळ वाचावी. आकडे फार खाली गेले, की आलेखाच्या उजव्या शेपटीवरून मोठे निष्कर्ष काढू नयेत.

आता दुसरा गट, मानेची शस्त्रक्रिया आधीच केलेला. यातही पाच जण. एक जण आठव्या महिन्यानंतर आला नाही, एक चौदाव्या महिन्यात दगावला, बाकीचे तिघं दोन वर्षं पार. आलेख 75 टक्क्यांवर थांबतो. एका बाजूला 75, दुसऱ्या बाजूला 30. डोळ्यांना फरक प्रचंड दिसतो. तो योगायोगानं पडला असेल का, हे लॉग-रँक चाचणी सांगते.

तिची पद्धत सोपी आहे. ज्या ज्या महिन्यात मृत्यू झाला, तिथे थांबायचं आणि विचारायचं: दोन्ही उपचार सारखेच असते, तर हा मृत्यू कोणत्या गटाच्या वाट्याला किती आला असता? सहाव्या महिन्यात दोन्हीकडे पाच-पाच जण, म्हणून अर्धा-अर्धा. दहाव्यात चार-चार, पुन्हा अर्धा-अर्धा. चौदाव्यात शस्त्रक्रियेच्या गटात चार आणि दुसऱ्यात दोन, म्हणून दोन तृतीयांश आणि एक तृतीयांश. अठराव्यात तीन आणि दोन. बेरीज केली तर शस्त्रक्रियेच्या गटात सुमारे 2.27 मृत्यू अपेक्षित होते, झाला एक. दुसऱ्या गटात 1.73 अपेक्षित, झाले तीन. या तफावतीवरून पी-व्हॅल्यू निघते सुमारे 0.2. म्हणजे उपचारांत काहीच फरक नसला, तरी इतकी किंवा याहून मोठी तफावत पाचातून एकदा दिसू शकते. दहा रुग्णांवरून काही सिद्ध होत नाही. टाटाच्या अभ्यासात हीच पी-व्हॅल्यू 0.01 होती, कारण तिथे एका गटात 50 आणि दुसऱ्यात 79 मृत्यू नोंदले गेले होते. या चाचणीचं बळ रुग्णांच्या संख्येपेक्षा मृत्यूंच्या संख्येवर ठरतं.

लॉग-रँक फरक आहे की नाही एवढंच सांगते. किती, ते सांगत नाही. त्यासाठी हॅझर्ड रेशो लागतो. टाटाच्या अभ्यासात तो 0.64 आला, म्हणजे मृत्यूचा वेग सुमारे 36 टक्क्यांनी कमी. शिवाय दोन्ही आलेख मध्येच एकमेकांना छेदत असतील, तर ही चाचणी फसते. सुरुवातीचा तोटा आणि नंतरचा फायदा एकमेकांना खाऊन टाकतात.

पण आपल्याकडच्या प्रबंधांत खरा घोळ होतो तो त्या उभ्या रेघांपाशी. ही सगळी रीत एका गृहीतावर उभी आहे: येणं बंद केलेल्या रुग्णाचं पुढे जे झालं असेल, ते उरलेल्यांसारखंच असेल. आठव्या महिन्यानंतर न आलेला आपला तो रुग्ण कापूस वेचणीत अडकला असेल, तर हे गृहीत ठीक. पण तो घरीच दगावला असेल आणि कळवायला कोणी आलं नसेल तर? त्याचा मृत्यू आठव्या महिन्यात धरून हिशेब पुन्हा मांडू. शस्त्रक्रियेच्या गटाचा आलेख 75 वरून 60 वर येतो आणि पी-व्हॅल्यू 0.2 वरून 0.45 च्या आसपास जाते. एका माणसाच्या बातमीनं एवढा फरक.

म्हणून प्रबंध लिहिणाऱ्यांना माझं सांगणं असं, की रुग्णाच्या कागदावर घरच्या फोनबरोबर गावातल्या आशाताईंचा नंबरही लिहून घ्या. कोणत्या गटातले किती रुग्ण सुटले, ते वेगवेगळं मांडा. एका गटातले तीन आणि दुसऱ्यातले पंधरा सुटले असतील, तर पी-व्हॅल्यू कितीही देखणी असो, तिच्यावर विसंबू नका. सुटलेले सगळे दगावले असं धरून एकदा, आणि सगळे जिवंत आहेत असं धरून एकदा, हिशेब करून पाहा. दोन्ही वेळा निष्कर्ष तोच राहिला, तरच तो प्रबंधात ठामपणे लिहा.