छायांकित भाग : दिसतो तो आणि असतो तो
(हीरक महोत्सवी पालक-मेळाव्यातील व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय एकच उदाहरण आहे. १४ सेंमी बाजूच्या चौरसात चार समान वर्तुळे आहेत. ती एकमेकांना आणि चौरसाच्या बाजूंना स्पर्श करतात. वर्तुळांबाहेर उरलेला भाग छायांकित आहे. त्याचे क्षेत्रफळ काढायचे आहे.

एका घरात हे उदाहरण अडले. वडील नोकरीनिमित्त परगावी होते. मुलीने पुस्तकातील आकृतीचे छायाचित्र मोबाइलवरून त्यांना पाठवले. ते दिव्याखाली, तिरक्या हाताने घेतलेले होते. त्यात चौरसाची खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा लांब दिसत होती, वर्तुळे किंचित चपटी झाली होती आणि एका कोपऱ्यात तिच्याच हाताची सावली पडली होती. वडिलांनी पडद्यावर पट्टी ठेवून पाहिले; एकही माप दुसऱ्याशी जुळेना.

मुलीचे उत्तर ४२ चौरस सेंटिमीटर आले होते. परंतु आधीच्या उदाहरणात तेवढ्याच चौरसात एकच मोठे वर्तुळ होते आणि त्याचेही उत्तर ४२ होते. “बाबा, एकात एक वर्तुळ, दुसऱ्यात चार. उत्तर सारखं कसं येईल?” वडिलांनाही ते पटेना. मुलीने दुसरे उत्तर खोडले. खोडलेले उत्तर बरोबर होते.

प्रथम छायाचित्राचा विचार करावा. तिरक्या छायाचित्रात लांबी बदलते, कोन बदलतात, वर्तुळ लंबवर्तुळासारखे दिसते. म्हणून त्यावर पट्टी ठेवणे व्यर्थ आहे. मात्र काही गोष्टी तिरक्या चित्रातही टिकतात. सरळ रेषा सरळच राहते. स्पर्श करणारी वर्तुळे स्पर्श करतानाच दिसतात. वर्तुळांची संख्या बदलत नाही आणि आतले बाहेर जात नाही. छायाचित्रातून घ्यायचे ते एवढेच. मापे घ्यायची ती उदाहरणाच्या शब्दांतून. म्हणून आकृतीबरोबर तिच्याखालचा मजकूरही छायाचित्रात आला पाहिजे. ‘बाजू १४ सेंमी’ आणि ‘स्पर्श करतात’ हे शब्द कापले गेले, तर उदाहरणच हरवते. हाताची सावली आणि छापलेली छाया यांतला फरकही ओळखता येतो. छापलेली छाया वर्तुळाच्या रेषेपाशी थांबते. हाताची सावली ती रेषा ओलांडून वर्तुळाच्या आतही शिरते.

आता गणित. छायांकित भागाला स्वतःचे असे सूत्र नाही; त्याच्या कडा कुठे सरळ, कुठे वक्र आहेत. परंतु तो ज्यातून उरला ते दोन्ही आकार साधे आहेत. संपूर्ण चौरसाचे क्षेत्रफळ १४ × १४, म्हणजे १९६. चौरसाच्या एका बाजूलगत दोन वर्तुळे बसतात, म्हणून प्रत्येकाचा व्यास ७ आणि त्रिज्या ३.५ सेंमी. एका वर्तुळाचे क्षेत्रफळ २२/७ × ३.५ × ३.५, म्हणजे ३८.५. चार वर्तुळांचे १५४. वजाबाकी केली की १९६ − १५४ = ४२ चौरस सेंटिमीटर.

एकाच मोठ्या वर्तुळाची त्रिज्या ७ सेंमी. त्याचे क्षेत्रफळ २२/७ × ७ × ७, म्हणजे तेही १५४. उत्तर पुन्हा ४२.

हा योगायोग नव्हे, आणि त्याचे कारण त्याच तिरक्या छायाचित्रात दिसते. डावीकडची वर्तुळे उजवीकडच्या वर्तुळांना ज्या दोन बिंदूंत स्पर्श करतात, त्या बिंदूंतून एक सरळ रेषा ओढावी. वरची वर्तुळे खालच्यांना जिथे स्पर्श करतात, तिथून दुसरी ओढावी. पट्टीवरचे आकडे पाहावे लागत नाहीत. मोठ्या चौरसाचे चार लहान चौरस होतात आणि प्रत्येकात एक वर्तुळ चारही बाजूंना टेकलेले असते. प्रत्येक लहान चित्र हे एका वर्तुळाच्या मोठ्या चित्राचीच निम्म्या मापाची प्रतिकृती आहे. माप निम्मे झाले की क्षेत्रफळ पाव होते; म्हणून प्रत्येक लहान चौरसात ४२ चा पाव भाग, म्हणजे १०.५ उरतो. असे चार भाग मिळून पुन्हा ४२. नऊ वर्तुळे तीन-तीनच्या ओळींत बसवली, तरी हेच उत्तर येईल.

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त वर्तुळाचे क्षेत्रफळ काढण्याची एक व्यवहारोपयोगी रीत दिली आहे : व्यासाच्या वर्गाला ११ ने गुणावे आणि १४ ने भागावे. व्यासाचा वर्ग म्हणजेच वर्तुळाला बाहेरून टेकणारा चौरस. त्या चौरसाचे १४ भाग केले, तर ११ वर्तुळाचे आणि ३ कोपऱ्यांचे. १९६ चे १४ भाग केले की एक भाग १४ चा, आणि तीन भाग ४२. भास्कराचार्य या रीतीला स्थूल म्हणतात आणि सूक्ष्म रीत वेगळी देतात : व्यासाच्या वर्गाला ३९२७ ने गुणून ५००० ने भागावे. त्या रीतीने आपले उत्तर सुमारे ४२.०६ येते. २२/७ ही किंमत खऱ्या किमतीहून किंचित मोठी आहे. त्यामुळे वर्तुळ किंचित मोठे आणि उरलेला भाग किंचित लहान येतो. शालेय उदाहरणात बाजू १४ सेंमी देतात, ती ७ ने भाग जावा म्हणूनच.

चुका प्रामुख्याने दोन ठिकाणी होतात. पहिली, व्यासालाच त्रिज्या समजणे. मोठ्या वर्तुळाची त्रिज्या १४ धरली, तर त्याचे क्षेत्रफळ ६१६ येते. १९६ च्या चौरसात ६१६ चे वर्तुळ मावणार नाही, हे वजाबाकीपूर्वीच ध्यानात यावे.

दुसरी चूक अधिक फसवी असते. शब्दांत स्पर्शाचा उल्लेख नसताना केवळ चित्र पाहून स्पर्श गृहीत धरला जातो. मोठे वर्तुळ चारही बाजूंपासून अर्धाच सेंटिमीटर दूर असेल, तर त्याची त्रिज्या ६.५ होते, क्षेत्रफळ सुमारे १३२.८ आणि छायांकित भाग सुमारे ६३.२. तिरक्या छायाचित्रात ती फट जेमतेम दिसेल. उत्तर मात्र दीडपट होईल.

त्या रात्री वडिलांनी छायाचित्रावर त्या दोन रेषा ओढून ते मुलीला परत पाठवले. सोबत एकच प्रश्न लिहिला : “आता प्रत्येक घरात काय दिसतं?” थोड्या वेळाने वहीच्या पानाचे छायाचित्र आले. खोडलेल्या ४२ च्या शेजारी नवे ४२ होते आणि त्याखाली एक ओळ : “बाबा, हे आधीचंच चित्र आहे, फक्त चारदा.”