भोपळ्याची जवारी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यानिमित्त शाळेच्या पटांगणात भरलेल्या कारागीर मेळ्यात, तंबोऱ्याच्या प्रात्यक्षिकापूर्वी केलेले भाषण)



पुढच्या अर्ध्या तासात जो माणूस तुमच्यासमोर काम करणार आहे, त्याची ओळख करून देण्याचं काम माझ्याकडे आलंय. खरं तर त्याची ओळख तुम्हा सगळ्यांना आहे. आठवी 'ब'मध्ये तो माझ्या बाकावर बसायचा आणि आपण त्याला 'भोपळा' म्हणायचो. गणितात त्याला एकदा भोपळा मिळाला, आणि त्याच्या घराच्या अंगणात भोपळ्यांचा ढीग असायचा, म्हणून नाव अगदी चपखल बसलं. त्या ढिगाचं पुढे काय होतं, हे पाहायला मात्र आपल्यापैकी कुणी त्याच्या घरी गेलं नाही. मीही नाही. म्हणून आज थोडं त्या ढिगाविषयी बोलतो.

मिरजेत सतारमेकर गल्ली आहे, तिथलंच हे घराणं. यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे, शस्त्रं उजळणारे. इंग्रजी अंमलात शस्त्रांचं काम बसलं, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब आणि त्यांचे बंधू मोहिद्दीन वाद्यं दुरुस्त करता करता ती बनवू लागले. मिरजेतल्या वाद्यनिर्मितीची सुरुवात त्यांच्यापासून मानतात. आपला मित्र त्याच परंपरेतला, त्याच्या घरातल्या सहाव्या पिढीतला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते या गल्लीतल्या हातांना.

तो भोपळा आपल्या भाजीचा नव्हे. हा कडू, जाड सालीचा. पंढरपूर-मंगळवेढा भागातल्या शेतांत तो मुद्दाम वाद्यांसाठी पिकवतात. वेलावरच तो पुरता वाळू द्यायचा. घाईने तोडलेला भोपळा पुढे आकसतो आणि वाद्य वाकडं होतं. आणल्यावर तो पाण्यात भिजवतात, म्हणजे साल नरम पडते, कापता येते, आकार देता येतो. मग आतून काड्यांचे टेकू देऊन पुन्हा वाळवायचा. त्यावर तुणीच्या लाकडाची दांडी आणि तबली बसते. एवढं झालं की तंबोरा दिसायला पुरा होतो. पण तो बोलत नाही. बोलायला जवारी लागते, आणि आज तुम्ही पाहणार आहात ते जवारीचं काम.

तबलीवर मधोमध जी बुटकी, रुंद पट्टी असते ती घोडी. तारा तिच्यावरून जातात. व्हायोलिनची घोडी वरून धारदार असते, तार तिला एका बिंदूवर टेकते. तंबोऱ्याची घोडी मात्र रुंद, आणि तिचा माथा नजरेला सपाट वाटला तरी पुढच्या बाजूला अगदी किंचित उतरता असतो. तार छेडली की ती या उतारावर घासत, टेकत, सुटत राहते. त्यामुळे एका स्वराच्या पोटातून वरचे स्वर उमलत जातात. नीट लागलेल्या तंबोऱ्यात खरजाच्या तारेतून गंधार ऐकू येतो, तो कुणीही वाजवलेला नसताना. सी. व्ही. रामन यांना या घोडीचं इतकं कुतूहल वाटलं की १९२१ साली त्यांनी तिच्यावर शोधनिबंध लिहिला.

हा उतार कानसेने घासून आणायचा. उतार जास्त झाला की आवाज बंद, मुका होतो. कमी पडला की तार खरखरते, पत्र्यासारखी वाजते. या दोन्हींच्या मधली जागा कागदाच्या जाडीएवढीही नसते. आणि घासलेलं परत भरता येत नाही. चूक झाली तर माथा पुन्हा खाली उतरवून पहिल्यापासून सुरुवात. असं दोनचारदा झालं की घोडीच बदलावी लागते.

मागच्या महिन्यात मी पहिल्यांदा त्याच्या घरी गेलो, तेव्हा विचारलं, "हे शिकलास कसं?" तो म्हणाला, "अब्बांनी सहा वर्षं कानस हातात दिली नाही. भोपळे भिजव, खुंट्या तास, तारा चढव. संध्याकाळी ते पलीकडच्या खोलीत बसायचे. मी तंबोरा छेडायचो. ते आतून विचारायचे, कुठली तार बसलीय? मी चुकलो की गप्प राहायचे. बरोबर सांगायला लागलो, तेव्हा कानस दिली." गणिताच्या तासाला हा खिडकीबाहेर बघायचा, ते आपल्याला दिसायचं. रात्री हा कसला अभ्यास करतो, ते आपल्याला ठाऊक नव्हतं.

आता समोरचा तंबोरा पाहा. ओळखलात का? हा आपल्या शाळेचा. प्रार्थनेला संगीताच्या बाई हाच घेऊन बसायच्या. बाई निवृत्त झाल्यावर तो कपाटावर गेला आणि तिथेच राहिला. दोन महिन्यांपूर्वी आपल्या मित्राने तो घरी नेला. भोपळ्याला केसाएवढी चीर होती, ती त्याने आतून बुजवली. दोन खुंट्या नव्या केल्या, तारा बदलल्या. जवारी मात्र आजसाठी ठेवली.

आधी तो चारही तारा छेडील, ते लक्ष देऊन ऐका. पंचम आणि जोडाच्या दोन तारा 'टण' म्हणून थांबतील. चौथी, पितळेची खरजाची तार गुरगुरेल. वर्षानुवर्षांच्या वापराने तारांनी घोडीच्या माथ्यात बारीक चऱ्या पाडल्यात आणि तारा त्यांत अडकून बसल्यात. तो तारा सैल करून बाजूला घेईल, चऱ्या जाईपर्यंत माथा घासेल, मग नवा उतार काढायला लागेल. दोन-चार हात, तारा परत जागेवर, सुरात, ऐकायचं. परत सैल, परत दोन हात. कंटाळवाणं वाटेल, पण काम एवढंच आहे. शेवटी प्रत्येक तारेखाली सुती दोरा सरकवील. दोरा हळूहळू पुढे घेता घेता एका जागी तार एकदम उघडते. ती जागा चारही तारांची वेगळी.

त्याच्याशेजारी बसलाय तो त्याचा पुतण्या. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. मोबाइलमध्ये तंबोरा आल्यापासून नव्या वाद्यांची मागणी घटली, घर दुरुस्तीच्या कामांवर चालतं, हे तो स्वतःच सांगतो. पुतण्याचा लाकडावरचा हात सुरेख आहे, कान अजून तयार होतोय. आज पहिल्यांदा चार लोकांसमोर त्याला एका तारेची, पंचमाची, जवारी लावायची आहे. बिघडली तर काका पुन्हा घासेल. त्याने घाई करू नये, म्हणून आपणही करू नये.

एक विनंती. मंडपातले पंखे थोडा वेळ बंद ठेवूया, त्यांची घरघर याच कामात आड येते. आणि जवारी लागली की नाही, हे मी सांगणार नाही, तोही सांगणार नाही. बाई पहिल्या रांगेत बसल्यात. बाई, तुम्ही डोळे मिटून ऐका. तुम्ही मान हलवलीत की काम झालं असं तो समजेल.

ये मित्रा. भोपळा म्हणत नाही आता. पण तू हसतोयस, म्हणजे म्हटलं तरी चालेल.